लघुपट महोत्सवाला पाठवताना सोबतचा ईमेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे स्वतःचे लघुपट महोत्सवांना पाठवताना मी बरेच ईमेल लिहिले. पुढे एका छोट्या महोत्सवासाठी पहिल्या फेरीचं बघण्याचं काम केलं, तेव्हा असे ईमेल टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचले. तेव्हापासून लोक मला तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. सगळ्या उत्तरांत एकच कल्पित लघुपट उदाहरणाला घेतला आहे. नाव ‘सतरा नंबर’, कालावधी साडेचौदा मिनिटं, भाषा मराठी, विषय साखर कारखान्याच्या काट्यासमोरची एक रात्र.

हा ईमेल नेमकं कोण वाचतं?

ज्युरी वाचत नाही, हे आधी लक्षात घ्या. पहिल्यांदा तो महोत्सवाच्या कार्यालयातला कुणीतरी उघडतो आणि त्यातली माहिती एका मोठ्या एक्सेल शीटमध्ये उतरवतो: नाव, दिग्दर्शक, भाषा, कालावधी, लिंक, पासवर्ड. त्यानंतर पहिल्या फेरीचा प्रेक्षक ती लिंक उघडतो. निवड झालीच तर काही आठवड्यांनी तिसरा माणूस, म्हणजे प्रोजेक्शन सांभाळणारा, त्याच ईमेलमध्ये फ्रेम रेट आणि आवाजाचे तपशील शोधत येतो. तिघांनाही तुमच्या ईमेलमधून काहीतरी उचलून दुसरीकडे चिकटवायचं असतं. त्यामुळे माहिती मजकुरात हवी. पोस्टरच्या चित्रावर छापलेला कालावधी कॉपी होत नाही, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमधला सारांश कुणी बसून टाइप करत नाही.

ऑनलाइन फॉर्म भरला आहे. तरी ईमेल पाठवायचा का?

महोत्सवाने मागितला नसेल तर नको. महोत्सवांच्या प्रवेशिका ऑनलाइन घेणाऱ्या फिल्मफ्रीवेसारख्या ठिकाणी कव्हर लेटरसाठी वेगळा रकाना असतो. तिथे चार ओळी लिहिल्या की पुरे, कारण बाकीची माहिती फॉर्ममध्ये असतेच. जिथे प्रवेशिका फक्त फॉर्मने घेतात तिथे ईमेलने पाठवलेला लघुपट प्रवेशिका म्हणून धरलाच जात नाही, आणि हे अनेकांना अंतिम तारीख उलटल्यावर कळतं. आपल्याकडचे बरेच छोटे, महाविद्यालयांचे आणि जिल्हा पातळीवरचे महोत्सव मात्र अजूनही ईमेलनेच प्रवेशिका मागवतात. ही प्रश्नोत्तरं मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

विषयाच्या ओळीत काय लिहू?

“Short film submission” एवढंच लिहिलेले ईमेल एका सकाळी पन्नास येतात. ईमेल न उघडता ओळखता येईल अशी ओळ लिहा: प्रवेशिका – सतरा नंबर – कथात्मक लघुपट – मराठी – १४ मि. ३० से. महोत्सवाने विभागाचं नाव किंवा प्रवेशिका क्रमांक दिला असेल तर तो सगळ्यात आधी. ‘कथात्मक’, ‘माहितीपट’ की ‘ॲनिमेशन’ हा शब्द विसरू नका. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारखा, म्हणजे १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन या तिन्हींसाठी चालणारा महोत्सव असेल, तर याच शब्दावरून तुमची फाइल कुणाच्या टेबलावर जायची ते ठरतं.

सारांश किती मोठा हवा, आणि कसा लिहायचा?

महोत्सवाने शब्दमर्यादा दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर दोन गोष्टी द्या: एका वाक्याची लॉगलाइन आणि पंचेचाळीस ते पंचाहत्तर शब्दांचा सारांश. निवड झाली तर हाच सारांश बहुधा जसाच्या तसा कॅटलॉगमध्ये छापला जातो. तेव्हा छापल्यावर कसा दिसेल याचा विचार करून लिहा.

सर्वांत जास्त आलेला सारांश असा असतो: “ही एका मुलीच्या जिद्दीची, बाप-लेकीच्या नात्याची आणि व्यवस्थेच्या क्रूरतेची हृदयस्पर्शी कहाणी आहे.” यात जिद्द आहे, नातं आहे, व्यवस्था आहे, मुलगी काय करते तेवढं नाही. हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही लघुपटाला चिकटवलं तरी चिकटेल. शिवाय हृदयाला स्पर्श झाला की नाही ते बघणाऱ्याला ठरवू द्या.

तोच लघुपट असाही सांगता येतो:

> गळीत हंगामातली रात्र. साखर कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आहे. चहाला गेलेल्या बापाची वाट पाहत बारा वर्षांची सुली गाडीवर बसून आहे. रांग एरवी मुंगीच्या पावलाने सरकते. आज अचानक वेग येतो आणि सतरा नंबर पुकारला जातो. नंबर हुकला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. सुली कासरा हातात घेते.

यात जागा आहे, वेळ आहे, माणूस आहे आणि अडचण आहे. लघुपटात जे दिसतं तेच लिहिलं आहे. लॉगलाइन यातूनच निघते: बाप परत येण्याआधीच गाडीचा नंबर पुकारला जातो आणि बारा वर्षांच्या मुलीला भरली बैलगाडी काट्यावर न्यावी लागते.

शेवट सांगायचा की लपवायचा?

कॅटलॉगसाठीच्या सारांशात सांगू नका. मात्र महोत्सवाने ‘सविस्तर कथा’ वेगळी मागितली असेल तर ती निवड समितीसाठी असते, त्यामुळे तिच्यात शेवटासकट सगळं लिहा. तिथे “पुढे काय होतं ते पडद्यावरच पाहा” असं लिहिणारे भेटतात. समिती तसंही पडद्यावरच पाहणार असते, चिडते तेवढी.

कालावधी कुठून कुठपर्यंत मोजायचा?

पहिल्या चित्रापासून किंवा पहिल्या आवाजापासून, यात तुमच्या निर्मितीसंस्थेचा लोगोही आला, ते श्रेयनामावलीच्या शेवटच्या फ्रेमपर्यंत. रंगपट्टे, उलटी गिनती आणि फाइलच्या शेवटी चुकून राहिलेला वीस सेकंदांचा काळोख यात धरायचा नाही. तो काळोख आधी कापूनच टाका, नाहीतर तुम्ही लिहिलेला कालावधी आणि फाइल दाखवते तो कालावधी जुळणार नाही आणि शीट भरणाऱ्याला नेमका कुठला खरा ते कळणार नाही.

श्रेयनामावली धरायचीच. कानच्या लघुपट स्पर्धेची १५ मिनिटांची मर्यादा आणि ऑस्करची ४० मिनिटांची मर्यादा, दोन्ही श्रेयनामावलीसह आहेत. “गोष्ट साडेचौदा मिनिटांचीच आहे, मग नुसती नावं आहेत” हा युक्तिवाद कुठेच चालत नाही. आपल्याकडे सुरुवातीलाच सरपंचांपासून जेवण देणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या आभाराच्या पाट्या येतात, त्याही कालावधीतच मोजल्या जातात. त्या शेवटी न्या. मावशींना राग येणार नाही.

लिहिताना मिनिटं आणि सेकंद वेगळे लिहा: १४ मि. ३० से. “१४.३० मिनिटं” असं लिहिलं की घोटाळा होतो, कारण दशांशात वाचणाऱ्याला ती १४ मिनिटं १८ सेकंद वाटतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून आकडा उचलत असाल तर आणखी दोन सापळे आहेत. `00:14:30:12` यातले शेवटचे बारा सेकंदाचे अंश नसतात, त्या फ्रेम्स असतात. आणि दा व्हिंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन मुळात `01:00:00:00` पासून सुरू होते. एका उत्साही मुलाने शेवटचा आकडा तसाच उतरवून त्याचा लघुपट १ तास १४ मिनिटांचा असल्याचं कळवलं होतं, आणि आम्ही तो पूर्ण लांबीच्या चित्रपटांच्या ढिगात टाकला होता.

फ्रेम रेटचा कालावधीशी काय संबंध? माझा लघुपट २५ फ्रेम्सचा आहे.

हा प्रश्न फार कमी जण वेळेवर विचारतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे टीव्हीच्या परंपरेमुळे पुष्कळ जण सेकंदाला २५ फ्रेम्सवर चित्रीकरण आणि संपादन करतात. सिनेमागृहातला सर्व्हर मात्र मुळात २४ फ्रेम्ससाठी घडलेला. त्यासाठी लागणारी प्रदर्शनाची प्रत म्हणजे डीसीपी. जुन्या, इंटरऑप पद्धतीच्या डीसीपीत २५ ची सोयच नाही. नव्या, एसएमपीटीई पद्धतीत आहे, पण समोरच्या सर्व्हरवर ती नीट चालते का हे विचारून घ्यावं लागतं. म्हणून डीसीपी करणारे लोक बहुतेक वेळा सरळ २४ चा करतात. त्याची सगळ्यात स्वच्छ पद्धत म्हणजे एकही फ्रेम न गाळता त्याच फ्रेम्स किंचित सावकाश चालवायच्या.

आता ‘सतरा नंबर’चा हिशोब करू. १४ मि. ३० से. म्हणजे ८७० सेकंद. ८७० ला २५ ने गुणलं की २१,७५० फ्रेम्स. त्या सेकंदाला २४ च्या वेगाने दाखवल्या तर ९०६ सेकंदांहून थोडं जास्त, म्हणजे १५ मि. ०६ से. एकही दृश्य वाढलं नाही, तरी लघुपट ३६ सेकंदांनी लांबला. महोत्सवाची मर्यादा १५ मिनिटं असेल आणि प्रत २४ चीच हवी असेल, तर तुमचा साडेचौदा मिनिटांचा लघुपट मर्यादेबाहेर गेला.

उपायही याच हिशोबात आहे. २४ च्या वेगाने १५ मिनिटांत २१,६०० फ्रेम्स मावतात. आपल्याकडे १५० जास्त आहेत, म्हणजे २५ च्या टाइमलाइनवर बरोबर ६ सेकंद. श्रेयनामावली थोडी वेगाने फिरवली तरी एवढे निघतात. हे पाठवण्याआधी कळलं तर पाच मिनिटांचं काम आहे. निवड झाल्यावर कळलं तर सबटायटलच्या वेळा, आवाज आणि प्रत सगळंच पुन्हा करावं लागतं.

सावकाश केल्यावर आवाजही सुमारे चार टक्के सावकाश होतो आणि किंचित जाड होतो. संवादात ते पटकन जाणवत नाही, पण ओळखीच्या माणसाचा आवाज किंवा हार्मोनियम असेल तर कान टवकारतात. स्टुडिओत लांबी बदलूनही स्वर मूळ जागी ठेवता येतो. तसं सांगावं मात्र लागतं. दुसरा मार्ग म्हणजे दर सेकंदाला एक फ्रेम गाळून लांबी तेवढीच ठेवणं. तो टाळा. गाड्यांच्या रांगेवरून कॅमेरा फिरत जातो अशा शॉटमध्ये दर सेकंदाला एक हिसका दिसतो आणि एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो.

ईमेलमध्ये म्हणून दोन्ही आकडे द्या: “कालावधी १४ मि. ३० से. (२५ फ्रेम्स), २४ फ्रेम्सच्या डीसीपीवर १५ मि. ०६ से.” वेळापत्रक बसवणारा माणूस तुमचे आभार मानेल. एका कार्यक्रमात आठ लघुपट असले आणि प्रत्येक जण अर्ध्या मिनिटाने लांबला, की शेवटच्या लघुपटानंतरची चर्चा रद्द होते.

फोनवर चित्रित केलं आहे, फ्रेम रेट ३० दाखवतो. तसंच लिहू?

लिहा, खरं तेच लिहा. पण ३० वरून २४ ला वरची युक्ती चालत नाही. लघुपट चौथ्या हिश्शाने लांबेल आणि माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील. अशा वेळी फ्रेम्स गाळाव्याच लागतात आणि हालचाल थोडी तुटक होते. त्यात पुष्कळ फोन ठरावीक फ्रेम रेट राखत नाहीत, तो कमी-जास्त होत राहतो, आणि मग लांब शॉटमध्ये आवाज ओठांच्या मागेपुढे सरकतो. महोत्सव फोनमुळे कुणाला नाकारत नाहीत, पण ओठ आणि आवाज जुळत नसतील तर बघणारा तिसऱ्या मिनिटाला कंटाळतो.

तांत्रिक तपशिलात काय काय द्यायचं? कॅमेरा, लेन्स?

कॅमेऱ्याचं नाव कुणी विचारलं नसेल तर देऊ नका. लेन्स तर अजिबात नको. प्रोजेक्शनवाल्याला तुम्ही कशावर चित्रीकरण केलं यापेक्षा तुम्ही त्याच्या हातात काय देणार हे कळायला हवं. त्याला सहा-सात गोष्टी लागतात: कालावधी, फ्रेम रेट, चित्राचं गुणोत्तर, रंगीत की कृष्णधवल, आवाज स्टिरिओ की ५.१, मूळ भाषा आणि सबटायटलची भाषा, आणि प्रदर्शनाची प्रत कुठल्या रूपात मिळेल (डीसीपी की प्रोरेस फाइल).

आवाजाबाबत खोटं लिहू नका. तुमचं मिक्स स्टिरिओ असेल तर स्टिरिओच लिहा. स्टिरिओ फाइल एका बटणाने सहा वाहिन्यांत पसरवून ‘५.१’ म्हणून पाठवली की मोठ्या सभागृहात संवाद मागच्या भिंतीतून येतात आणि बैलांच्या घुंगरात बापाचा आवाज हरवतो.

गुणोत्तराची गफलत सर्वांत जास्त होते. लघुपट रुंद, २.३९:१ चा असतो, पण वर-खाली काळ्या पट्ट्या घालून १९२०×१०८० च्या फाइलमध्ये ठेवलेला असतो. ईमेलमध्ये मात्र लिहिलेलं असतं “१६:९”. मग डीसीपी करणारा ती अख्खी फाइल १९९८×१०८० च्या ‘फ्लॅट’ चौकटीत बसवतो, तिच्या डावी-उजवीकडे आणखी बारीक काळे पट्टे येतात, आणि मोठ्या पडद्याच्या मधोमध तुमचा लघुपट खिडकीतून पाहिल्यासारखा दिसतो. तो २०४८×८५८ च्या ‘स्कोप’ चौकटीत जायला हवा होता. म्हणून स्पष्ट लिहा: “चित्र २.३९:१, फाइल १९२०×१०८०, वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत.”

मराठी महोत्सवाला पाठवतोय, इंग्रजी सबटायटल कशाला?

ज्युरीत एखादा पाहुणा मल्याळी किंवा बंगाली असू शकतो. आणि खरं सांगायचं तर मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराचे संवाद पुण्या-मुंबईच्या प्रत्येकाला पहिल्या झटक्यात कळतीलच असं नाही. बघण्याच्या प्रतीवर सबटायटल चित्रातच पक्की ठेवा. प्रदर्शनासाठी मात्र सबटायटलविरहित स्वच्छ प्रत आणि वेगळी `SatraNumber_EN.srt` अशी फाइल तयार असल्याचं ईमेलमध्ये सांगा. फ्रेम रेट बदलला तर या फाइलमधल्या वेळाही ताणाव्या लागतात. नाहीतर शेवटच्या संवादाचं सबटायटल सुमारे अर्धा मिनिट आधीच येऊन जातं.

लिंक कुठली देऊ?

लघुपट ईमेलला जोडू नका. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि साडेचौदा मिनिटांची बरी दिसणारी फाइल सहज एक जीबीच्या आसपास जाते. पासवर्ड असलेली व्हिमिओची लिंक सोयीची. सशुल्क खात्यावर पुढे फाइल सुधारायची झाली तर त्याच लिंकवर नवी फाइल टाकता येते. यूट्यूबवर नवी फाइल म्हणजे नवी लिंक. तिथे `Unlisted` ठेवा. `Private` ठेवलंत तर तुम्ही परवानगी दिलेल्या खात्यांशिवाय कुणालाच दिसणार नाही.

गूगल ड्राइव्हची लिंक देणार असाल तर पाठवण्याआधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहा. `Request access` दिसलं की समजा, महोत्सवालाही तेच दिसणार आहे. पहिल्या फेरीत एका रात्री मला अशा नऊ लिंक मिळाल्या होत्या. मी परवानगी मागितली, काहींची आली तोवर माझी यादी देऊन झाली होती. पासवर्ड लिंकच्या खालच्याच ओळीत द्या, आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही बदलू नका.

‘प्रीमियर’बद्दल काय लिहावं?

खरं ते. लघुपट कुठेही जाहीरपणे दाखवला नसेल तर “अद्याप जाहीर प्रदर्शन झालेलं नाही” हे एक वाक्य पुरतं. टीममधल्या लोकांना घरी दाखवला, याला सहसा कुणी प्रदर्शन धरत नाही. यूट्यूबवर सर्वांसाठी टाकला असेल तर ते मात्र लिहाच. काही महोत्सवांना चालतं, काहींना चालत नाही, आणि शोधायला त्यांना फक्त नाव टाइप करावं लागतं.

पूर्ण ईमेल कसा दिसतो?

असा:

> विषय: प्रवेशिका – सतरा नंबर – कथात्मक लघुपट – मराठी – १४ मि. ३० से.
>
> महोदय / महोदया,
>
> ‘सतरा नंबर’ हा आमचा कथात्मक लघुपट आपल्या महोत्सवाच्या कथात्मक विभागासाठी पाठवत आहे. चित्रीकरण गेल्या गळीत हंगामात प्रत्यक्ष कारखान्याच्या आवारात रात्री केलं असून रांगेतले बहुतेक गाडीवान तिथलेच आहेत. लघुपटाचं अद्याप जाहीर प्रदर्शन झालेलं नाही.
>
> बघण्यासाठी लिंक: (लिंक)
> पासवर्ड: (पासवर्ड)
>
> लॉगलाइन: बाप परत येण्याआधीच गाडीचा नंबर पुकारला जातो आणि बारा वर्षांच्या मुलीला भरली बैलगाडी काट्यावर न्यावी लागते.
>
> सारांश: (वरचाच)
>
> कालावधी: १४ मि. ३० से. (२५ फ्रेम्स), २४ फ्रेम्सच्या डीसीपीवर १५ मि. ०६ से.
> भाषा: मराठी, सबटायटल: इंग्रजी
> चित्र: रंगीत, २.३९:१, फाइल १९२०×१०८०, वर-खाली काळ्या पट्ट्या
> आवाज: स्टिरिओ
> प्रदर्शनाची प्रत: प्रोरेस तयार, निवड झाल्यास डीसीपी देऊ
>
> सोबत: दोन स्थिरचित्रं, दिग्दर्शकाचा परिचय
>
> आपला / आपली,
> (नाव, दिग्दर्शक, फोन)

पहिल्या परिच्छेदातलं गाडीवानांचं वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. बघणाऱ्याला लघुपटातून आपोआप कळणार नाही अशी एकच गोष्ट तिथे सांगावी. “आमच्या टीमने अहोरात्र कष्ट घेतले” हे प्रत्येकाने लिहिलेलं असतं, आणि ते सगळ्यांच्या बाबतीत खरंही असतं.

पाठवल्यावर चूक लक्षात आली तर?

जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहा, नवा धागा सुरू करू नका. नाहीतर शीटमध्ये तुमच्या दोन नोंदी होतात आणि चुकीची तेवढी शिल्लक राहते. विषयाची ओळ तशीच ठेवा, मजकुराच्या सुरुवातीला ‘दुरुस्ती’ हा शब्द घाला आणि फक्त बदललेली ओळ लिहा: “कालावधी १४ मि. ३० से. ऐवजी १४ मि. २४ से.; लिंक तीच.” लघुपटच पुन्हा कापला असेल तर मात्र अंतिम तारीख गेली आहे का ते आधी बघा. गेली असेल तर फाइल गुपचूप बदलू नका, विचारा. पहिल्या फेरीत दोघांनी एकच लघुपट पाहिला आणि दोघांचे शेवट वेगळे निघाले, असं आमच्याकडे एकदा झालं होतं. दोघेही अर्धा तास एकमेकांना वेड्यात काढत बसले होते.